संकल्पातला काळ: ब्रह्मदेवाचे साडेअकरा आणि आपली ऐंशी वर्षं

*प्रश्न: पूजेच्या वेळी गुरुजी संकल्पात "ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे" असं काहीतरी म्हणतात. मी अर्थ शोधला तर अब्जावधी वर्षांचे आकडे निघाले. त्यांच्यापुढे माझी सत्तर-ऐंशी वर्षं कुठेच नाहीत, मग धडपड कशाला असं वाटायला लागलं. आपल्या पूर्वजांना हेच सांगायचं होतं का? आणि "कलियुग आहे, असंच चालायचं" ही आपली वृत्ती यातूनच आली का?*

पंचांगगणित आणि पुराणं शिकवताना हे दोन्ही प्रश्न दरवर्षी समोर येतात, आणि बहुतेक वेळा एकापाठोपाठ एक येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रचंड काळाचा उपयोग आपल्या परंपरेनं सामान्य माणसाला क्षुद्र ठरवण्यासाठी फारसा केलेला नाही. त्याला नेमकं कुठे उभं आहे ते सांगण्यासाठी केला. क्षुद्रतेचा धडा आहे, पण तो बहुतेक ठिकाणी गादीवर बसलेल्यांसाठी आहे. आणि कलियुगाचं म्हणाल तर त्याचा वापर हात झटकायला झाला तसाच हात घालायलाही झाला. पण हे पटायला आधी संकल्पाचं गणित एकदा नीट मांडायला हवं. ते अवघड नाही.

चार युगं मिळून एक महायुग. कृत १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कली ४,३२,००० वर्षांचं. म्हणजे ४:३:२:१ असं प्रमाण, आणि बेरीज ४३,२०,०००. अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात एक कल्प: ४ अब्ज ३२ कोटी वर्षं. तेवढीच रात्र. या एका दिवसात चौदा मनू होऊन जातात, प्रत्येकाच्या वाट्याला ७१ महायुगं. आता १४ गुणिले ७१ म्हणजे ९९४, हजार नव्हे. राहिलेली सहा महायुगं सूर्यसिद्धांत मन्वंतरांच्या सांध्यांमध्ये वाटून देतो: सुरुवातीला एक आणि प्रत्येक मनूनंतर एक असे पंधरा संधी, प्रत्येक कृतयुगाएवढा. कृतयुग हे महायुगाच्या चार-दशांश असतं, म्हणून पंधरा संधींची बरोबर सहा महायुगं होतात. हिशेब तंतोतंत जुळतो.

संकल्प म्हणतो की सातवं, म्हणजे वैवस्वत मन्वंतर चालू आहे, आणि त्यातलं अठ्ठाविसावं महायुग. तेव्हा झालेला काळ असा मोजायचा. सहा मनूंची ४२६ महायुगं म्हणजे १ अब्ज ८४ कोटी ३ लाख २० हजार वर्षं. सात संधींची १ कोटी २० लाख ९६ हजार. चालू मन्वंतरातल्या सत्तावीस महायुगांची ११ कोटी ६६ लाख ४० हजार. अठ्ठाविसाव्यातलं कृत, त्रेता आणि द्वापर मिळून ३८ लाख ८८ हजार. राहिलं कलियुग. त्याची वर्षं काढायला शकात ३१७९ मिळवायचे, म्हणजे शके १९४७ ला ५१२६ गतवर्षं. सगळी बेरीज १,९७,२९,४९,१२६.

काही पंचांगांत 'सृष्ट्यब्द' म्हणून १,९५,५८,८५,१२६ असा आकडा दिसेल. ती छपाईची चूक नव्हे. सूर्यसिद्धांताच्या मते सृष्टी घडवायलाच ब्रह्मदेवाला १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षं लागली आणि ग्रह त्यानंतर चालू लागले, म्हणून ग्रहगणितासाठी तेवढी वजा करतात.

आता ब्रह्मदेवाचा दिवस आपल्या सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या घड्याळावर बसवून पाहा. बारा तासांचे ४३,२०० सेकंद होतात, म्हणजे एक सेकंद बरोबर एक लाख वर्षांचा. त्या घड्याळात आत्ता ११ वाजून २९ मिनिटं होत आली आहेत. सगळं ज्ञात कलियुग, भारतीय युद्धापासून तुमच्या-माझ्यापर्यंत, साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात बसतं. ऐंशी वर्षांचं आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तुम्हाला आलेली भोवळ इथलीच आहे.

ती उतरायला आधी एक पाहू, की एवढे मोठे आकडे हवेत कशाला. वेदांगज्योतिषातलं युग फक्त पाच वर्षांचं आहे: १८३० दिवस, ६२ चांद्रमास. युग म्हणजे ज्या काळानंतर सूर्य आणि चंद्र पुन्हा एकाच जागी, एकाच वेळी निघतात तो काळ. दोघांसाठी पाच वर्षं पुरली, निदान ढोबळमानानं. पण त्यात मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी घेतले, तर सगळे एका रेषेत येऊन पुन्हा निघायला फार लांब काळ लागणार हे उघड आहे. सिद्धांतकारांना दशांश अपूर्णांक लिहायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी काळच इतका लांब घेतला की प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात सांगता याव्यात. महायुगात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या, गुरूच्या ३,६४,२२०, शनीच्या १,४६,५६८, आणि दिवस १,५७,७९,१७,८२८. दिवसांना वर्षांनी भागा, ३६५.२५८७५६ येतात. आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा हे जेमतेम साडेतीन मिनिटांनी जास्त आहे. तेव्हा हे आकडे निदान ज्योतिषात तरी भीती घालायला आलेले नाहीत, अचूकपणा साठवायला आलेले आहेत. पुराणांकडे युगांची कल्पना आपल्या वाटेनं आली: मनुस्मृतीत युगं ४८००, ३६००, २४०० आणि १२०० वर्षांची आहेत आणि बेरीज १२,०००. पुराणांनी ती देवांची वर्षं मानली. देवांचा एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष, म्हणून ३६० नं गुणलं की ४३,२०,००० मिळतात.

जाता जाता: कल्प ४.३२ अब्ज वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज, म्हणून ऋषींना सगळं ठाऊक होतं, असं जे फिरतं त्यात अर्थ नाही. कल्प पुरता संपलेला असता तर तुलनेला काही आधार होता. आपल्याच हिशेबानं तो निम्मासुद्धा झालेला नाही.

आता परत संकल्पाकडे. तो ऐकताना आपलं लक्ष पहिल्या निम्म्याकडेच जातं, कारण तिथे भारी शब्द आहेत. पण पुढे काय येतं? भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः अमुक तीरे. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग तुमचं गोत्र, तुमचं नाव, आणि आज काय करायचं आहे ते. हे सगळं एकच लांबलचक वाक्य आहे, आणि ते संपतं "करिष्ये" वर: मी करणार आहे. परार्धापासून नक्षत्रापर्यंतची सगळी पदं या एका क्रियापदाची वाट पाहत थांबलेली असतात.

पौरोहित्य शिकणाऱ्या मुलाला विचारा, यातलं पाठ काय करायचं आणि दररोज बदलायचं काय. कल्प, मन्वंतर, युग ही पदं त्याच्या आजोबांनी म्हटली तशीच तो म्हणतो. चुका होतात त्या खालच्या टोकाला. पाडवा उलटून गेला तरी तोंडात जुनंच संवत्सर येतं, शके १९४७ चं विश्वावसु असताना आदल्या वर्षीचं क्रोधी. सकाळी असलेली तिथी पूजेच्या वेळी संपलेली असते. गोदावरीच्या उत्तरेला बसून दक्षिण तीर म्हटलं जातं. जाणकार यजमान टोकतो तो इथे. कल्प चुकला म्हणून कुणी संकल्प परत सांगायला लावल्याचं मी पाहिलेलं नाही. तिथी चुकली म्हणून लावल्याचं बरेचदा पाहिलं आहे. म्हणजे व्यवहारात मोठा काळ स्थिर पार्श्वभूमी आहे, आणि दक्षता सगळी आजच्या दिवसावर खर्च होते.

हीच रीत दोन मोठ्या माणसांनी कशी वापरली ते पाहा. आर्यभटीयातल्या कालक्रियापादात आर्यभट म्हणतो की चालू महायुगाचे तीन पाद गेले, आणि त्यावर साठ वर्षांची साठ आवर्तनं गेली, तेव्हा माझ्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती. साठ साठे ३६००, म्हणजे कलिवर्ष ३६००, इसवी सन ४९९. लाखो वर्षांच्या मोजपट्टीवर हा माणूस स्वतःचं वय तेवीस म्हणून खूण करतो. त्या पट्टीवर तेवीस दिसणारच नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं! तरीही त्यानं ते लिहिलं. शिवाय त्यानं पट्टीही जशीच्या तशी घेतली नाही. त्याची चारही युगं सारखी, १०,८०,००० वर्षांची, आणि कल्पात १००८ महायुगं. हे स्मृतींना सोडून आहे म्हणून ब्रह्मगुप्तानं पुढे इसवी सन ६२८ मध्ये त्याला फैलावर घेतलं. विश्वाच्या वयाबद्दल माणसं आपापसांत असं भांडू शकत होती, त्यापुढे दिपून गप्प बसत नव्हती.

दुसरं उदाहरण मराठीतलंच. ज्ञानेश्वरीचा शेवट आठवा. "ऐसें युगीं परी कळीं । आणि महाराष्ट्रमंडळीं । श्रीगोदावरीच्या कूलीं । दक्षिणलिंगीं ॥" आधी युग, मग देश, मग नदीचा काठ, मग स्थान. थोडं पुढे गेलं की "शकें बाराशतें बारोत्तरें", टीका कुणी केली आणि लिहून कुणी घेतली त्यांची नावं. क्रम संकल्पाचा आहे हे कानाला लगेच कळतं. शके १२१२ म्हणजे कलिवर्ष ४३९१. ग्रंथ करणाऱ्यानं तो युगाच्या संदर्भात ठेवला, आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचं नाव त्याच पट्टीवर टिपून ठेवलं.

चक्राकार काळ मानणाऱ्यांना इतिहासाची जाणीव नसते, असं एक जुनं पाश्चात्त्य मत आहे. त्याला उत्तर द्यायला ऐहोळेचा शिलालेख पुरेसा आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात रविकीर्तीनं मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात तो कोरवला. त्यात भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षं आणि शकाची ५५६ वर्षं अशी दोन्ही मोजणी आहे. वजाबाकी करा, ३१७९ येतात. आपण वर वापरला तोच आकडा. चक्र मानणारी माणसं सरळ रेषेतली वर्षंही बिनचूक मोजत होती.

आता क्षुद्रतेबद्दल, कारण तीही खरी आहे. ब्रह्मवैवर्त पुराणात इंद्राची एक कथा आहे. वृत्राला मारल्यावर इंद्राला आपल्या मोठेपणाला साजेसा वाडा हवा असतो. विश्वकर्मा बांधतो, इंद्राचं समाधान होत नाही, आणखी दालनं, आणखी बागा. विश्वकर्मा थकून ब्रह्मदेवाकडे जातो आणि गाऱ्हाणं विष्णूपर्यंत पोचतं. मग एक तेजस्वी मुलगा दारात येतो आणि सहज विचारतो की एवढा वाडा आधीच्या कुठल्या इंद्रानं बांधला होता का. आधीचे? इंद्र हसतो. तेवढ्यात जमिनीवरून मुंग्यांची रांग जाते आणि मुलगा सांगतो, या सगळ्या कधी ना कधी इंद्र होत्या. पाठोपाठ लोमश ऋषी येतात. डोक्यावर उन्हापावसासाठी गवताची चटई धरलेली, छातीवर केसांचा गोल, मधले केस गळालेले. एक इंद्र गेला की त्यांचा एक केस गळतो. घर का नाही बांधलं असं विचारल्यावर ते म्हणतात, आयुष्य थोडं, घर कशाला?

ही कथा कुणाला सांगितली आहे ते नीट पाहा. मुंगीला सांगितलेली नाही. नांगर धरणाऱ्याला, भाकरी थापणारीला नाही. वाडा वाढवत सुटलेल्या राजाला सांगितली आहे. एका मन्वंतराचा, म्हणजे तीस कोटी सदुसष्ट लाख वीस हजार वर्षांचा धनी असलेल्या इंद्राला चौदांपैकी एक करून टाकण्यासाठी हा काळ उभा केला आहे. त्या पट्टीवर तुमची ऐंशी वर्षं जितकी नगण्य, जवळपास तितकंच इंद्रपद आणि खुद्द ब्रह्मदेवाची शंभर वर्षं. सगळेच लहान असतील तर कुणा एकाला लहान वाटून घ्यायचं कारण उरत नाही. आणि कथा इथे संपतही नाही. इंद्राला वैराग्य येतं, तो राज्य सोडून निघतो, तेव्हा शची बृहस्पतीकडे धाव घेते, आणि बृहस्पती त्याची समजूत घालून त्याला संसारात आणि राज्यात परत बसवतो. कीर्तनातून ही कथा ऐकताना बहुतेकदा लोमशांपाशीच थांबते. पण "धडपड कशाला" याचं पुराणानं दिलेलं उत्तर त्या शेवटच्या भागात आहे.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. इंद्र, मनू, व्यास या जागा आहेत. जागा पुन्हा येते, माणूस पुन्हा येत नाही. विष्णुपुराण या मन्वंतरातल्या अठ्ठावीस द्वापरांचे अठ्ठावीस वेगवेगळे व्यास नावानिशी सांगतं. आपला कृष्णद्वैपायन त्यांतला अठ्ठाविसावा. काळ चक्राकार असला तरी तुमचं आयुष्य तसंच्या तसं पुन्हा होणार आहे असं इथे कुणी म्हणत नाही. पुढच्या, सावर्णी मन्वंतराचा इंद्र कोण हेही ठरलेलं आहे: बळीराजा. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला पुराणाच्या हिशेबानं अजून साधारण १८ कोटी ७९ लाख वर्षं थांबायचं आहे. अर्थात त्याला एवढं थांबायचं नसतं, यंदाच हवं असतं. लोकांनी कल्पना घेतली आणि आकडा खुशाल बाजूला ठेवला.

एकट्या माणसाच्या आयुष्याला या काळाचा खरा चटका बसतो तो रेवतीच्या कथेत. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून दोघं क्षणभर थांबतात. गाणं संपल्यावर राजा प्रश्न विचारतो आणि ब्रह्मदेव हसतो: तुझ्या मनात होते ते सगळे वर गेले, त्यांची मुलं, नातवंडं, गोत्रंसुद्धा आता ऐकू येत नाहीत, सत्तावीस चतुर्युगं उलटली. हा सत्तावीस संकल्पातलाच. राजा वैवस्वत मनूच्या वंशातला, शर्यातीचा पणतू. गेला तेव्हा मन्वंतर नुकतं लागलं होतं आणि परत आला तो अठ्ठाविसाव्या द्वापरात. कथा आणि गणित जुळवून ठेवलेलं आहे. आणि अकरा कोटी वर्षं हरवल्यावर ब्रह्मदेव काय सुचवतो? आत्ता पृथ्वीवर बलराम आहे, त्याला मुलगी दे. राजा खाली येतो, आपली नगरी ओस पडलेली पाहतो, रेवतीचं लग्न लावून देतो आणि बदरिकाश्रमाला तपाला जातो. रेवतीला काय वाटलं ते भागवत सांगत नाही, आणि मला ही त्या कथेतली उणीव वाटते. पण "मग कशाला" असा प्रश्न तिथे कुणीच विचारत नाही. आत्ता जो आहे त्याच्याशी संसार मांडला जातो.

आता कलियुग. आधी व्यवहारी भाग: ते संपत आलेलं नाही. ४,३२,००० पैकी ५१२६ म्हणजे सव्वा टक्कासुद्धा नाही. पहिले ३६,००० वर्षं तर संध्याकाल, युगाची नुसती पहाट. चार पायऱ्यांपैकी पहिली १,०८,००० वर्षांची, म्हणून संकल्पात "प्रथमचरणे". कलियुगाचा अमुक साली अंत होणार असं कुणी सांगितलं की त्यानं एकतर १२०० ही मानवी वर्षं धरली आहेत, किंवा स्वतःची वेगळी मांडणी केली आहे. दोन्ही पंचांगाच्या हिशेबात बसत नाहीत.

वृत्तीचं म्हणाल तर ग्रंथच एकमुखी नाहीत. कलियुगाचं वर्णन सगळीकडे काळंकुट्ट आहे, हे खरं. पण विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात मुनी व्यासांना विचारायला येतात की थोड्या धर्माला मोठं फळ कुठल्या काळात मिळतं. व्यास गंगेत स्नान करत असतात. बुडी मारून वर येतात आणि म्हणतात, कली चांगला. पुन्हा बुडी, पुन्हा वर, शूद्र चांगला, स्त्रिया धन्य. मुनी चक्रावतात. मग खुलासा येतो: कृतयुगात जे दहा वर्षांत साधायचं ते त्रेतात वर्षात, द्वापरात महिन्यात आणि कलीत एका अहोरात्रात. वर्णव्यवस्थेच्या चौकटीतलंच बोलणं आहे, ती चौकट व्यास मोडत नाहीत. तरी युगाच्या घसरणीतून एका दिवसाची किंमत वाढते, हे गणित लक्षात घेण्यासारखं आहे. वारकऱ्यांच्या नामस्मरणाला जी धार आहे तिच्यामागे हाच हिशेब आहे: यज्ञयाग झेपणार नाहीत, नाम झेपेल, आणि ते आजच घेता येईल.

युग बाहेरून लादलं जातं का, यावरही वाद झाला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात म्हटलं आहे की राजा हाच युग: तो झोपला की कली, जागा झाला की द्वापर, कामाला सज्ज झाला की त्रेता, कामाला लागून फिरू लागला की कृत. महाभारतातलं "राजा कालस्य कारणम्" आपण म्हणीसारखं वापरतोच. भीष्म म्हणतो, काळ राजाला घडवतो की राजा काळाला, अशी शंकाच ठेवू नकोस. त्यामुळे शासन ढिलं असताना "कलियुगच आहे" म्हणणाऱ्याला याच ग्रंथांतून उत्तर देता येतं.

तरी तुमचा संशय निराधार नाही. कलियुगाच्या नावानं धर्मशास्त्रात 'कलिवर्ज्य' अशी यादीच तयार झाली: पूर्वी चालत होतं, पण आता माणसं दुबळी, म्हणून बंद. नियोग, द्विजांचा समुद्रप्रवास, संन्यास आणि बरंच काही. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या यादीची सविस्तर छाननी केली आहे. युगाच्या कल्पनेनं सामान्य आयुष्यावर प्रत्यक्ष दाब आणला तो इथे, अब्जावधी वर्षांच्या भोवळीतून नाही. त्या यादीत लग्न झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाहही होता.

१८५५ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची बाजू मांडली ती नेमकी याच कल्पनेवर उभं राहून. कलीसाठी पराशरस्मृती प्रमाण मानतात, "कलौ पाराशरः स्मृतः". आणि पराशर सांगतो की नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो. म्हणजे युगाच्या हिशेबानं परवानगी आहे. विरोधकांनी कलिवर्ज्याचे श्लोक पुढे केले, विद्यासागरांनी त्याच वर्षी दुसरं पुस्तक काढून उत्तर दिलं की स्मृती आणि पुराण यांत विरोध आला तर स्मृती मोठी. जुलै १८५६ मध्ये कायदा झाला. या सगळ्या वादात कलियुग चालू आहे की नाही यावर कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत होतं ते कलियुगात एखाद्या बालविधवेनं काय करायचं यावर.